दम्याचे दोन पंप: तातडीचा कोणता, रोजचा कोणता आणि औषध नेमके जाते कुठे

दसरा आला की लातूर, धाराशिव, नांदेडच्या शिवारांत सोयाबीनच्या मळणीला जोर येतो. मळणीयंत्रातून उडणारे भूस कपड्यांवर, भुवयांवर आणि नाकातोंडात बसते आणि त्याच आठवड्यात आमच्या दवाखान्यातील बाकांवर दम लागलेल्या माणसांची गर्दी वाढते. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या पिशवीत इनहेलर असतो. त्याला आपल्याकडे सगळे ‘पंप’ म्हणतात, म्हणून मीही या लेखात तोच शब्द वापरतो. ‘डॉक्टर, पंप तर घेतेच आहे, तरी दम कमी होईना,’ हे वाक्य मी या दिवसांत रोज ऐकतो. त्यावर दोन प्रश्न विचारावे लागतात. कोणता पंप घेता आणि कसा घेता? बहुतेक वेळा नव्या औषधाची गरज आहे की नाही हे या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरूनच ठरते.

औसा तालुक्यातील एका ४२ वर्षांच्या शेतकरी बाईंचे उदाहरण घेतो. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना आठ वर्षांपासून दमा आहे. त्यांनी पिशवीतून निळा पंप काढून टेबलावर ठेवला आणि तो जेमतेम तीन-साडेतीन आठवडे पुरतो, अशी तक्रार केली. त्या पंपात २०० फवारे असतात, म्हणजे त्या दिवसाला सुमारे आठ फवारे घेत होत्या. आठवड्यातून तीनदा तरी रात्री छातीत शिट्टी वाजून जाग येत होती. डॉक्टरांनी याशिवाय दुसरा कोणता पंप दिला होता का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “एक जांभळा हाय घरी. दम लागला तवा दोनदा घेऊन बघितला, काहीच वाटंना. मग ठिवून दिला. संक्रांतीला आणलेला हाय, अजून संपला न्हाई.” त्या जांभळ्या पंपात १२० फवारे होते आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन या हिशेबाने तो एका महिन्यात संपायला हवा होता. रोज घ्यायचा पंप त्या अडचणीच्या वेळी घेऊन पाहत होत्या आणि अडचणीचा पंप रोज घेत होत्या.

छातीत नेमके काय बिघडते

श्वासनलिका ही आपल्या फुप्फुसांत झाडाच्या फांद्यांसारखी फुटत जाणारी नळी आहे. तिच्या भिंतीला बाहेरून स्नायूंचे वेढे असतात आणि आतून एक नाजूक अस्तर असते. दम्यात या अस्तराला सूज असते. ही सूज जखमेसारखी दुखत नाही, म्हणून ती जाणवत नाही, पण ती असल्यामुळे नळी चिडखोर बनते. एरवी ज्या धुळीने, धुराने, थंड वाऱ्याने किंवा सर्दीने काही झाले नसते, त्यानेच बाहेरचे स्नायू आवळले जातात, आतला रस्ता अरुंद होतो, चिकट कफ साठतो आणि श्वास सोडताना शिट्टी वाजू लागते. म्हणजे दम लागतो तेव्हा दोन गोष्टी घडलेल्या असतात. स्नायू आवळलेले असतात, ते आत्ता घडलेले असते. आणि अस्तर सुजलेले असते, ते कित्येक आठवड्यांपासून तसेच असते.

पावसाळ्यात जुन्या वाड्याचे लाकडी दार ओल शोषून फुगते आणि चौकटीत अडकते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना दोन पंपांतला फरक समजायला वेळ लागणार नाही. अडकलेल्या दाराला खांद्याने धक्का दिला की ते उघडते, पण लाकूड फुगलेलेच राहते आणि तासाभराने ते पुन्हा अडकते. निळा पंप हा तो धक्का आहे. लाकूड सुकवण्याचे काम दुसऱ्या पंपाचे असते. ते सावकाश होते आणि होत असताना दिसतही नाही.

तातडीचा पंप

आपल्याकडच्या निळ्या पंपात बहुधा साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल असते. ते आवळलेले स्नायू सैल करते. काही मिनिटांत छाती मोकळी होते आणि परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. त्यानंतर हात थोडे थरथरतात किंवा छाती धडधडते, हा त्याचा ओळखीचा परिणाम आहे. अस्तराच्या सुजेवर मात्र हे औषध काहीही करत नाही.

इथवर ठीक आहे. अडचण पुढे सुरू होते. हा पंप रोज आणि वारंवार घेतला की स्नायूंवरील ज्या जागांना हे औषध चिकटते त्या जागा त्याला सरावतात, परिणाम कमी होतो आणि नळ्या आधीपेक्षा जास्त चिडखोर होतात. म्हणून वर्षाला तीन किंवा अधिक निळे पंप लागणाऱ्या माणसाला दम्याचा मोठा झटका येण्याचा धोका जास्त असतो, आणि वर्षाला बारा किंवा अधिक, म्हणजे महिन्याला एक पंप लागत असेल तर दम्याने मृत्यू येण्याचा धोकाही वाढलेला असतो. दम्याच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘जिना’ या जागतिक संस्थेने २०१९ साली याच कारणामुळे प्रौढांना आणि किशोरवयीनांना फक्त निळ्या पंपावर ठेवू नये, असे सांगितले. औशाच्या बाईंच्या निळ्या पंपांचा हिशेब वर्षाला चौदा-पंधरा भरत होता. त्यांना वाटत होते की पंप लवकर संपतो ही कंपनीची लबाडी आहे. खरे तर लवकर संपणारा पंपच आजार हाताबाहेर चालल्याचे सांगत होता.

रोजचा पंप

रोजच्या पंपात मुख्य औषध स्टेरॉईड असते. बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन आणि फ्लुटिकासोन ही त्यांतली नेहमीची नावे. हे औषध अस्तरातील पेशींना सूज निर्माण करणारी द्रव्ये कमी बनवायला लावते. पेशींच्या कामकाजात असा बदल व्हायला वेळ लागतो, म्हणून घेतल्याबरोबर काहीच जाणवत नाही. रात्रीची जाग आणि दिवसाची धाप कमी होऊ लागायला एक-दोन आठवडे जातात आणि पूर्ण लाभ दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. ‘घेऊन बघितला, काहीच वाटंना’ हे बाईंचे म्हणणे म्हणूनच अगदी खरे होते. या औषधाने घटकाभरात काही वाटणे अपेक्षितच नसते.

पुष्कळ पंपांत स्टेरॉईडच्या जोडीला स्नायू सैल करणारे जास्त वेळ टिकणारे औषध घातलेले असते आणि इथे एक बारकावा जाणून घ्यावा लागतो. बाईंच्या जांभळ्या पंपातील जोडऔषध साल्मेटेरॉल होते. त्याचा परिणाम सावकाश सुरू होतो, त्यामुळे दम लागल्यावर ते कामाचे नाही. फॉर्मोटेरॉल हे दुसरे जोडऔषध मात्र निळ्या पंपाइतकेच लवकर काम करते. त्यामुळे बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप डॉक्टर काही रुग्णांना रोजसाठी आणि तातडीसाठीही देतात. त्यात धक्का आणि सुकवणे दोन्ही एकदमच होते. तुमचा पंप यांपैकी कोणता, हे रंगावरून ठरवू नका, कारण कंपन्यांचे रंग सारखे नसतात. डब्यावरचे औषधाचे नाव वाचा किंवा वाचून घ्या आणि ‘दम लागला तर यातला कोणता घ्यायचा’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारून त्या पंपावर पेनाने तसे लिहून ठेवा.

“स्टेरॉईड नको, आणि एकदा पंप लागला की सुटत नाही म्हणतात”

हे दोन आक्षेप नेहमी जोडीने येतात. स्टेरॉईडची भीती निराधार नाही. वर्षानुवर्षे स्टेरॉईडच्या गोळ्या खाल्ल्या तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. पण ते मापाचेही गणित आहे. बाईंच्या पंपातील एका फवाऱ्यात १२५ मायक्रोग्रॅम फ्लुटिकासोन आहे, म्हणजे दिवसाच्या चार फवाऱ्यांत ५०० मायक्रोग्रॅम, अर्थात अर्धा मिलिग्रॅम. दम्याचा झटका आल्यावर मोठ्या माणसाला प्रेडनिसोलोनची जी गोळी पाच-सात दिवस द्यावी लागते तिचे रोजचे माप असते ४० मिलिग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद सारखी नसल्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, तरी अंदाज येतो. शिवाय पंपातील औषध थेट श्वासनलिकेत पडते, गोळीतील औषध सगळ्या अंगातून फिरून तिथे पोचते. ‘पंप नको, इंजेक्शन देऊन टाका’ असे म्हणणारे स्टेरॉईड टाळत नसतात. दर दोन-तीन महिन्यांनी ते त्याचा मोठा डोस घेत असतात. दम्यावर हमखास म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांनीही एका दिवसात चमत्कार होऊ लागला, तर त्यात स्टेरॉईड कुटून घातले असल्याची शंका घ्यावी.

पंपाच्या स्टेरॉईडचा त्रास प्रामुख्याने तोंडात आणि घशात होतो. आवाज बसतो किंवा जिभेवर पांढरी बुरशी येते. घेतल्यावर पाण्याने गुळण्या करून ते पाणी थुंकले की हे बहुतांशी टळते. मोठ्या डोसावर दीर्घकाळ असणाऱ्यांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी डोस कमीत कमी कसा ठेवता येईल, हे डॉक्टरांशी बोलत राहावे. मुलांच्या उंचीवर थोडासा परिणाम दिसू शकतो, पण सतत दम लागून झोप आणि शाळा बुडणाऱ्या मुलाचे नुकसान त्याहून मोठे असते.

सवयीचे म्हणाल, तर रोजच्या पंपाचे व्यसन लागत नाही. दमा हा रक्तदाबासारखा दीर्घकाळ राहणारा आजार आहे, म्हणून उपचारही दीर्घकाळ चालतो. आजार तीन महिने नीट ताब्यात राहिला की डॉक्टर डोस उतरवत नेतात. आपणहून एकदम बंद करणे मात्र महागात पडते, आणि आपल्या भागात त्याची एक ठरलेली वेळ आहे. मृग लागला की हैदराबादला माशाचे औषध घ्यायला जाणारे आणि कोजागरीच्या चांदण्यात खिरीतून दम्याचे औषध घेणारे रुग्ण माझ्याकडेही आहेत. त्यांच्या श्रद्धेशी मी वाद घालत नाही. परंतु कोजागरीनंतर पथ्य म्हणून पंप बंद केला जातो आणि कोजागरी नेमकी मळणीच्या दिवसांत येते. सुजेवरचे औषध काढून घ्यायचे आणि त्याच आठवड्यात भुसात उभे राहायचे, याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. औषधाला जायचे असेल त्यांनी जावे, पंप पिशवीतून काढू नये, एवढेच मी सांगतो.

“घेऊन दाखवा”

बाईंना मी त्यांचा पंप माझ्यासमोर घ्यायला सांगितला. त्यांनी टोपण काढले, पंप न हलवता तोंडात धरला, लागोपाठ दोनदा दाबला आणि मग झटक्याने श्वास ओढला. ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा धूर बाहेर आला आणि त्या लगेच बोलू लागल्या. आठ वर्षांत त्यांना कोणीही पंप घेऊन दाखवायला सांगितले नव्हते. यात दोष त्यांचा नाही, आम्हा लिहून देणाऱ्यांचा आहे.

पंपातून औषध महामार्गावरच्या मोटारीच्या वेगाने सुटते. घशाच्या मागच्या भिंतीपाशी श्वासाचा रस्ता जवळजवळ काटकोनात वळतो. वेगात आलेले मोठे थेंब वळू शकत नाहीत, ते भिंतीवर आदळून तिथेच चिकटतात आणि नंतर गिळले जातात. फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको, कारण नोझल पानाला टेकवून मारले की औषध पानावर बसत नाही, ओघळून जाते. पंप उत्तम रीतीने घेतला तरी फुप्फुसात जाणारा वाटा औषधाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असतो. चुकीचा घेतला तर जवळजवळ काहीच जात नाही.

म्हणून फक्त पंप वापरायचा असेल तर क्रम असा ठेवावा लागतो. पंप चार-पाच वेळा जोरात हलवावा, कारण औषध आणि त्याला ढकलणारा वायू आत वेगवेगळे होऊन बसलेले असतात. ताठ बसून आधी श्वास सावकाश बाहेर सोडावा, म्हणजे आत जागा होते. पंपाचे तोंड दातांमध्ये धरून ओठ मिटावेत आणि श्वास आत घ्यायला सुरुवात केल्याबरोबर एकदाच दाबावा. त्यानंतर चार-पाच सेकंद सावकाश, खोल श्वास ओढत राहावे. शेवटी श्वास दहा अंक मोजेपर्यंत रोखावा, म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण खाली बसतात. दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटाने, पुन्हा हलवून, याच क्रमाने घ्यावा. नवा पंप किंवा बरेच दिवस न वापरलेला पंप आधी दोन-चार वेळा हवेत उडवून पाहावा. किती वेळा ते सोबतच्या कागदावर दिलेले असते.

यात सर्वांत अवघड भाग म्हणजे दाबणे आणि ओढणे एकाच क्षणी जमवणे. दम लागलेल्या माणसाला, म्हाताऱ्याला आणि लहान मुलाला ते जमणे कठीणच असते.

मधली नळी म्हणजे स्पेसर

स्पेसर ही एक पोकळ नळी असते. तिच्या एका टोकाला पंप बसतो आणि दुसरे टोक तोंडात धरायचे असते. फवारा आधी नळीत सुटतो, त्याचा वेग मोडतो, मोठे थेंब नळीच्या भिंतीवर राहतात आणि बारीक कणांचे धुके आपल्या श्वासाची वाट पाहत थांबते. घशात पडणारे औषध त्यामुळे बरेच कमी होते. स्पेसर फक्त मुलांसाठी असतो हा समज चुकीचा आहे. रोजचा स्टेरॉईडचा फवारा घेणाऱ्या प्रत्येकाने तो वापरावा असे माझे मत आहे, मग त्याला साधा पंप कितीही सफाईने जमत असो.

पंप हलवून स्पेसरला लावावा, श्वास बाहेर सोडावा, तोंडाकडचे टोक ओठांत घट्ट धरावे आणि एक फवारा दाबावा. मग एकतर एक सावकाश खोल श्वास घेऊन दहा अंक रोखावा किंवा तोंड न काढता चार-पाच साधे श्वास घ्यावेत. दम लागलेला असताना दुसरी रीत सोपी पडते. काही स्पेसरमधून शिट्टी वाजते. ती औषध गेल्याची खूण आहे असे पुष्कळांना वाटते आणि ते हौसेने वाजवतात. प्रत्यक्षात ती शिट्टी तुम्ही फार जोरात ओढत असल्याचा इशारा असते. दाबल्यानंतर रेंगाळू नये, कारण धुके काही सेकंदांतच खाली बसू लागते. दोन फवारे एकदम नळीत सोडू नयेत, कारण कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि औषध दुप्पट मिळण्याऐवजी कमी मिळते.

चार-पाच वर्षांखालील मुलासाठी स्पेसरला मास्क लावावा आणि तो नाक-तोंडावर फट न ठेवता धरावा. रडणाऱ्या मुलाला औषध गेले असे समजू नये. रडताना ते फारच थोडे आत जाते. मांडीवर घेऊन, आधी बाहुलीला मास्क लावून दाखवून मग त्याला लावला तर चार-सहा दिवसांत मूल सरावते.

स्पेसर धुण्याची पद्धत आपल्या स्वच्छतेच्या सवयीच्या अगदी उलट आहे. प्लास्टिक कापडाने पुसले की त्यावर स्थिर वीज तयार होते, म्हणजे कंगवा केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेल्यावर कपटे उडून चिकटतात तीच. औषधाचे कण मग नळीच्या भिंतीला जाऊन बसतात. म्हणून नवा स्पेसर वापरण्याआधी आणि नंतर महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे थोडे थेंब टाकून तो बुडवावा आणि न पुसता, न घासता सावलीत उभा करून वाळवावा. तोंडाकडची बाजू तेवढी पाण्याने विसळून घ्यावी.

स्पेसर विकत घेणे जमत नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची स्वच्छ बाटली चालते. हा घरगुती जुगाड असला तरी तपासलेला आहे. दक्षिण आफ्रिकेत दम्याचा झटका आलेल्या मुलांवर झालेल्या चाचणीत, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, फट न ठेवता बसवलेली अशी बाटली दुकानातील स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. थर्माकोलचा पेला मात्र कमी पडला. बाटलीच्या बुडाला तापवलेल्या तारेने पंपाच्या तोंडाच्या आकाराचे छिद्र पाडावे, पंप घट्ट बसवून फटी चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यावा. आत प्लास्टिकचे तुकडे राहिले नाहीत ना, ते आधी पाहावे.

कॅप्सूलच्या पंपाची रीत उलटी

स्वस्त पडतो म्हणून पुष्कळांकडे कॅप्सूल घालून पूड ओढण्याचा पंप असतो. त्यात ढकलणारा वायू नसतो. पूड उडवण्याचे काम तुमच्या श्वासालाच करायचे असते. म्हणून इथे सावकाश नाही, तर पहिल्यापासून जोरात आणि खोल ओढायचे आणि मग श्वास रोखायचा. या पंपाला स्पेसर लागत नाही. त्यात फुंकर मारू नये, कारण वाफेने पूड भिजून गोळा होते. याच कारणासाठी पावसाळ्यात कॅप्सूल पाकिटातून आधीच काढून ठेवू नये. ओढून झाल्यावर आत पूड उरलेली दिसली तर पुन्हा एकदा ओढावे. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण मला दर वर्षी भेटतात. ते चेष्टेचा विषय नाहीत, कारण कॅप्सूल गिळायची असते हेच त्यांना जन्मभर शिकवलेले असते.

पंप रिकामा झाला हे कसे ओळखावे

औषध संपले तरी वायू उरलेला असतो, म्हणून रिकामा पंपही फुस्स करतो. आतली डबी पाण्यात टाकून तरंगते का पाहण्याची जुनी युक्ती भरवशाची नाही आणि त्यात पाणी शिरून तोंड बिघडते. पंपावर आकडा दाखवणारी खिडकी असेल तर ती पाहावी. नसेल तर खोक्यावर पंप उघडल्याची तारीख लिहावी आणि फवाऱ्यांच्या हिशेबाने संपण्याची तारीखही लिहावी. १२० फवाऱ्यांचा पंप रोज चार घेतले तर तिसाव्या दिवशी संपतो. निळ्या पंपावर फक्त उघडल्याची तारीख लिहावी. तो किती महिने टिकला हाच आजाराचा हिशेब असतो.

बाईंचे पुढे काय झाले

मी त्यांना नवे औषध दिले नाही. जांभळा पंप जुना झाला होता, म्हणून तोच नवा घ्यायला सांगितला, स्पेसर दिला, पंप घेऊन दाखवला, त्यांच्याकडून तीनदा घेववला आणि तो मंजनाच्या डबीशेजारी ठेवायला सांगितला, म्हणजे घेऊन झाले की लगेच चूळ भरली जाते. श्वास किती वेगाने बाहेर सोडता येतो ते फुंकून पाहायच्या मीटरवर त्या दिवशी आकडा १९० आला.

पहिल्या आठवड्यात त्यांना काही फरक वाटला नाही आणि त्यांनी मुलाकरवी फोनवर तसे कळवले. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्या सलग चार रात्री झोपल्या. सहा आठवड्यांनी आल्या तेव्हा मीटरवर ३१० आले आणि निळा पंप आठवड्यातून एक-दोनदाच लागत होता. पुन्हा घेऊन दाखवायला सांगितले तेव्हा पंप हलवायचा राहून गेला होता. दोन-तीन महिन्यांत रीत अशी घसरतेच, म्हणून मी दर भेटीला पाहतो. सगळे गोड झाले असे मात्र नाही. पुढच्या मळणीत त्या चार दिवस यंत्रापाशी उभ्या राहिल्या, तोंडाला पदर बांधला होता तरी धाप वाढली आणि निळा पंप पुन्हा रोज लागू लागला. बारीक धूळ पदरातून आत जाते. कारखान्यात वापरतात तसा चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क थोडा बरा, आणि वाऱ्याने भूस उडून येते त्या बाजूला न थांबणे त्याहून बरे. घरच्या चुलीचा धूर आम्हाला अजून सोडवता आलेला नाही.

आपला दमा ताब्यात आहे का, हे गेल्या चार आठवड्यांबद्दलच्या चार प्रश्नांनी कळते. दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का? दम्याने रात्री जाग आली का? निळा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे कामात अडथळा आला का? एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर भेटीची तारीख येण्याची वाट पाहू नये.

झटका आला तर

माणसाला आडवे न करता टेकून बसवावे आणि पदर, कॉलर सैल करावी. निळा पंप स्पेसरमधून द्यावा. एक फवारा, त्यावर चार श्वास, मग पंप हलवून पुढचा फवारा, असे चार फवारे द्यावेत. चार मिनिटे थांबून आराम नसेल तर पुन्हा चार द्यावेत आणि तरीही आराम नसेल तर १०८ ला फोन लावून गाडी येईपर्यंत याच क्रमाने देत राहावे. ज्यांना डॉक्टरांनी फॉर्मोटेरॉलचा पंपच तातडीसाठी दिला आहे, त्यांनी त्यांना लिहून दिलेली फवाऱ्यांची मर्यादा पाळावी.

एका दमात वाक्य पुरे बोलता येत नसेल, ओठ किंवा नखे निळसर पडत असतील, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा माणूस गुंगीत जात असेल तर चार मिनिटेही थांबू नये. घाम फुटला आहे, धाप तशीच आहे, पण शिट्टी अचानक थांबली आहे, हे बरे झाल्याचे लक्षण समजू नये; हवा इतकी कमी फिरते आहे की शिट्टी वाजायलाही उरलेली नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. वस्तीवरून तालुक्याला आणि तालुक्यावरून जिल्ह्याला जायला लागणारा वेळ धरून एक टप्पा आधीच निघावे, वाटेत फवारे चालू ठेवावेत, आणि रुग्णालयात पोचल्यावर किती वाजल्यापासून किती फवारे दिले ते सांगून घरातले सगळे पंप टेबलावर ठेवावेत.